परळीचे वैजनाथ की देवघरचे? कीर्तनाच्या व्हिडिओखालचा वाद कसा सांभाळावा

बारा ज्योतिर्लिंगांपैकी तीन स्थाने मराठवाड्यात मानली जातात : परळीचे वैजनाथ, औंढ्याचे नागनाथ आणि वेरूळचे घृष्णेश्वर. यांतील पहिल्या दोन स्थानांबद्दल इतर प्रांतांतील भक्तांचाही तितकाच जुना आणि तितकाच मनापासूनचा दावा आहे. त्यामुळे श्रावणी सोमवारी किंवा महाशिवरात्रीला परळीच्या कीर्तनाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की पहिल्या काही तासांतच कोणीतरी ‘खरे वैद्यनाथ देवघरला आहेत’ असे लिहितो आणि तिथून वादाला तोंड फुटते. आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाचे एक छोटे चॅनल आहे आणि त्याच्या कॉमेंट सांभाळण्याची सेवा गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. नव्याने अशी सेवा अंगावर घेणाऱ्या सेवेकऱ्यांसाठी हा लेख लिहितो आहे. सगळ्या प्रकारच्या वादांचा आढावा न घेता परळी-देवघर हा एकच वाद मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडून दाखवणार आहे, कारण तो नीट हाताळता आला की बाकीचे वाद कोणत्या जागी वेगळे आहेत हे आपोआप दिसू लागते.

व्हिडिओ टाकण्याआधीची तयारी

सर्वांत आधी माणसे ठरवा. एकच पासवर्ड पाच जणांना देऊन ठेवण्याची पद्धत आमच्याकडेही होती, आणि एकदा आमच्यापैकीच एकाने रागाच्या भरात चॅनलच्या नावाने एका भक्ताला उलट उत्तर दिले, तेव्हा ते कोणी लिहिले हे शोधायलाच दोन दिवस गेले. त्याऐवजी YouTube Studio मध्ये Settings उघडून Community या भागात जा आणि प्रत्येक सेवेकऱ्याला त्याच्या स्वतःच्या खात्यावरून मॉडरेटर म्हणून जोडा. साध्या मॉडरेटरने काढलेली कॉमेंट कायमची पुसली जात नाही. ती Held for review या तपासणीच्या रांगेत जाते आणि चॅनलचा मालक ती पाहून परत प्रसिद्ध करू शकतो. नवख्या माणसाच्या हातून चूक झाली तरी ती सुधारता येते, आणि ही सोय पहिल्या महिन्यात फार उपयोगी पडते.

त्याच भागात नेहमीच्या भक्तांची नावे Approved users मध्ये घाला. आपल्याकडे प्रत्येक व्हिडिओखाली न चुकता ‘राम कृष्ण हरी माऊली’ एवढेच लिहिणारी ज्येष्ठ मंडळी असतात. एकच मजकूर पुन्हा पुन्हा आल्यामुळे त्यांची कॉमेंट अधूनमधून रांगेत अडकलेली मला आढळली आहे, आणि आपले नाव दिसले नाही की त्या माणसाला वाटते, चॅनलवाल्यांनी आपल्याला वगळले. या यादीत नाव आले की त्यांच्या कॉमेंटला गाळणी लागत नाही. म्हणूनच ही यादी ओळखीच्या आणि तोलून बोलणाऱ्या माणसांपुरतीच ठेवावी.

आता शब्दांची गाळणी, म्हणजे Blocked words. येथे टाकलेल्या शब्दांशी जुळणारी कॉमेंट लगेच दिसत नाही, आधी रांगेत थांबते. नवखा माणूस येथे उत्साहाने आठवतील त्या सगळ्या शिव्या आणि प्राण्यांची नावे भरतो. मीही ‘कुत्रा’ आणि ‘गाढव’ हे दोन शब्द भरले होते. त्यानंतर नरसीच्या नामदेव महाराजांवरचे कीर्तन टाकले आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा ऐकून गहिवरलेल्या भक्तांच्या कॉमेंट एकामागून एक अडकू लागल्या. पैठणच्या नाथ महाराजांच्या कीर्तनाला तर आणखी पंचाईत झाली, कारण काशीहून आणलेल्या कावडीतील गंगा तहानलेल्या गाढवाला पाजल्याचा प्रसंग सांगितल्याशिवाय नाथांचे चरित्र पुढे सरकत नाही.

यावरचा उपाय आपल्या व्याकरणातच आहे. कथा सांगणारा माणूस ‘कुत्रा आला’, ‘गाढवाला पाजले’ असे लिहितो, तर शिवी देणारा समोरच्याला हाक मारतो. म्हणून यादीत प्रथमेचे रूप न घालता संबोधनाचे रूप घालावे, आणि ते देवनागरीबरोबर रोमन लिपीतही घालावे, कारण आपल्याकडची निम्मी भांडणे मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहूनच होतात. शब्दांच्या मध्ये स्वल्पविराम द्यावा.

```
कुत्र्या, कुत्र्यांनो, kutrya, kutryano,
गाढवा, गाढवांनो, gadhava, gadhvano
```

नेमक्या शिव्या येथे देत नाही; त्या तुम्हाला माहीत आहेतच, आणि पहिल्या दोन महिन्यांत काढलेल्या कॉमेंटमधून त्यांची वेगवेगळी स्पेलिंगेही सापडतील. मात्र जातींची आणि समाजांची नावे या यादीत घालू नका. तसे केल्यास स्वतःची ओळख अभिमानाने सांगणारा साधा भक्तही अडतो, आणि आपल्या समाजाचे नाव लिहिले की कॉमेंट गायब होते हे त्याच्या ध्यानात आले की त्याचा ग्रह कायमचा वाईट होतो.

पहिला तास : काय ठेवायचे आणि काय काढायचे

आता प्रत्यक्ष प्रसंग घेऊ. श्रावणातल्या एका सोमवारी आम्ही परळीच्या कीर्तनाचा भाग टाकला. कीर्तनात महाराजांनी परळीला ज्योतिर्लिंग म्हटले होते. संध्याकाळपर्यंत आलेल्या कॉमेंटमध्ये पाच प्रकार होते आणि त्यांपैकी प्रत्येकाचा निर्णय वेगळा होता.

पहिली कॉमेंट होती : ‘खरे वैद्यनाथ देवघरला आहेत, शिवपुराण वाचा.’ ही ठेवायची. ती आपल्या श्रद्धेच्या विरुद्ध आहे, पण ती स्थानाबद्दल आहे, ग्रंथाचे नाव घेते आणि कोणाही माणसाला लागत नाही. अशी कॉमेंट काढली तर तो गृहस्थ ती पुन्हा लिहितो, या वेळी ‘सत्य दाबता का?’ हे वाक्य जोडून, आणि आधी ज्याचे काहीच म्हणणे नव्हते असा बघ्याही त्याच्या बाजूने उभा राहतो.

दुसरी होती : ‘महाराजांना संस्कृत येत नाही असे दिसते.’ ही वाचून आमच्या विणेकऱ्यांना फार वाईट वाटले आणि त्यांनी ती काढण्याचा आग्रह धरला. मी ती ठेवली. हजारो लोकांसमोर निरूपण करणाऱ्या माणसाच्या निरूपणावर टीका होणार, आणि ती श्रोत्याच्या अधिकारातली आहे. परंतु त्याच धाग्यात पुढे एकाने महाराजांच्या खासगी जीवनाबद्दल कोणताही आधार नसलेला आरोप केला होता. तो तत्काळ काढला. माणूस काय बोलला यावरची टीका ठेवायची आणि तो घरी कसा वागतो याबद्दलची कुजबुज काढायची, ही रेघ मी आखून घेतली आहे.

तिसरी आपल्याच बाजूची होती : देवघरचे नाव घेणाऱ्याला ‘बिहारी’ म्हणून हिणवणारी आणि पुढे प्रांतावरून शिवी देणारी. नवख्या सेवेकऱ्याची परीक्षा येथे होते. ही कॉमेंट लिहिणारा आपल्या तालुक्यातला, ओळखीचा, दरवर्षी सप्ताहाला देणगी देणारा असतो, आणि तो आपल्या देवासाठीच भांडतो आहे असे आपल्याला वाटते. तरीही सर्वांत आधी हीच कॉमेंट काढावी. देवघरचा भक्त हे सगळे पाहत असतो. त्याच्या बाजूच्या शिव्या गेल्या आणि आपल्या बाजूच्या राहिल्या असे त्याला दिसले, तर पुढे तुम्ही काहीही लिहिले तरी त्याला ते खोटे वाटते. (शिवाय देवघर बिहारमध्ये नाही, नोव्हेंबर २००० मध्ये झारखंड वेगळे झाले तेव्हापासून ते त्या राज्यात आहे.) ओळखीचा माणूस असेल तर फोन करावा. मी त्या गृहस्थांना फोन करून सांगितले, ‘काका, तुमचा मुद्दा ठेवायचा आहे, पण शिवीमुळे तो काढावा लागला; शिवी वगळून परत लिहा.’ त्यांनी थोडी कुरकुर केली, मात्र दुसऱ्या दिवशी आजोबांच्या काळापासून घरातून परळीला कशी पायी वारी जाते हे लिहिले, आणि ती कॉमेंट त्या व्हिडिओखालची सर्वांत चांगली कॉमेंट ठरली.

चौथी होती : ‘अभिषेकासाठी या नंबरवर ५०१ रुपये पाठवा, प्रसाद घरपोच मिळेल.’ वाद पेटला की गर्दी वाढते आणि गर्दीत असे खिसेकापू शिरतात. येथे विचार करत बसू नका. कॉमेंट फसवणूक म्हणून यूट्यूबकडे कळवा, काढा आणि Hide user from channel करा. कोणी भक्ताने पैसे पाठवून झाले असतील तर त्याला १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायला सांगा, कारण पैसे अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

पाचवा प्रकार क्वचित येतो, पण तो आला तर बाकी सगळे थांबवा : अमुक ठिकाणी जमा, अमुक समाजाला धडा शिकवा, अशी चिथावणी किंवा थेट मारण्याची धमकी. ही कॉमेंट काढण्यापूर्वी तिचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्यात लिहिणाऱ्याचे हँडल, वेळ व व्हिडिओचे नाव दिसेल याची काळजी घ्या. नंतर ती काढा आणि स्क्रीनशॉट घेऊन मंडळाच्या दोन जबाबदार माणसांसह पोलीस ठाण्यात जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दोन समाजांत वैर वाढवण्यासाठी कलम १९६ आणि धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने जाणूनबुजून केलेल्या कृत्यासाठी कलम २९९ आहे. एखादे वाक्य कोणत्या कलमात बसते हे ठरवणे पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम आहे. म्हणून कोणत्याही भक्ताला कॉमेंटमध्येच ‘तुझ्यावर अमुक कलम लागेल’ असे चॅनलच्या नावाने लिहू नये.

काढण्याच्या पद्धतीबद्दल एक इशारा देतो. मूळ कॉमेंट पुसली की तिच्याखालची सगळी उत्तरेही तिच्याबरोबर जातात. मी एकदा एक शिवीगाळीची मूळ कॉमेंट पुसली आणि तिच्याखाली एका निवृत्त संस्कृत शिक्षकांनी दोन दिवस खपून लिहिलेली चार दीर्घ उत्तरेही नाहीशी झाली. त्यांना काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. तेव्हापासून मूळ कॉमेंटला हात लावण्याआधी मी खालचा धागा पूर्ण उघडून वाचतो, जपण्यासारखे काही असेल तर लिहिणाऱ्याला आधी कळवतो आणि ते स्वतंत्र कॉमेंट म्हणून पुन्हा टाकण्याची विनंती करतो.

बदामाबद्दलही लक्षात ठेवा. चॅनलने कॉमेंटला दिलेला बदाम चॅनलच्या चित्रासह सर्वांना दिसतो. वाद चालू असताना परळीच्या बाजूच्या कॉमेंटवर बदाम देणे म्हणजे पंचाने एका संघाची टोपी घालणे होय. वाद शमेपर्यंत त्या व्हिडिओखाली कोणालाही बदाम देऊ नये.

पिन केलेले उत्तर

दोन बाजूंची उत्तरे एकमेकांवर चढू लागली, एकाच धाग्यात तीच तीन-चार नावे पुन्हा पुन्हा दिसू लागली आणि नवीन येणारा माणूस कीर्तनाबद्दल न लिहिता सरळ भांडणातच उतरू लागला, की उत्तर पिन करण्याची वेळ आली असे समजावे. त्याआधी पिन केल्यास नसलेल्या वादाची दवंडी पिटल्यासारखे होते.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. एका व्हिडिओखाली एकच कॉमेंट पिन करता येते; नवी पिन केली की जुनी सुटते. दुसऱ्याच्या कॉमेंटखाली दिलेले उत्तर पिन होत नाही, त्यामुळे आपला मजकूर स्वतंत्र कॉमेंट म्हणून चॅनलच्या नावाने लिहावा आणि मग तिच्या तीन ठिपक्यांतून Pin निवडावे. मोबाइलवर लांब कॉमेंटच्या पहिल्या काही ओळीच दिसतात आणि बाकीचे वाचण्यासाठी बोट लावावे लागते. रागावलेला माणूस बोट लावत नाही. म्हणून जे प्रत्येकाने वाचलेच पाहिजे ते पहिल्या दोन वाक्यांत आले पाहिजे.

आमचे पहिले उत्तर फसले. आम्ही लिहिले होते : ‘कृपया वाद घालू नये. देव एकच आहे. राम कृष्ण हरी.’ मनात वाईट काहीच नव्हते, पण देवघरच्या भक्ताने त्याचा अर्थ असा लावला की ग्रंथाचे उत्तर यांच्याकडे नाही म्हणून हे विषय टाळत आहेत. आणि परळीच्या भक्ताला वाटले की आपलेच चॅनल आपल्या वैजनाथांसाठी उभे राहत नाही. अर्ध्या तासात त्या पिनखालीच दोन्हीकडून उत्तरे सुरू झाली. ज्या प्रश्नावर भांडण चालू आहे त्याला हातच न लावणारे उत्तर कोणालाच शांत करत नाही.

मग आम्ही आधी अभ्यास केला. द्वादश ज्योतिर्लिंगांचा जो छोटा श्लोकपाठ आपल्याकडे घरोघरी म्हटला जातो त्यात ‘परल्यां वैद्यनाथं च डाकिन्यां भीमशङ्करम्’ असे आहे, आणि परळीच्या बाजूचा प्रत्येक भक्त याच ओळीवर उभा असतो. शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेतील यादीत मात्र ‘वैद्यनाथं चिताभूमौ’ असा पाठ मिळतो, आणि चिताभूमी म्हणजे देवघर अशी तिकडची परंपरा आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या मोठ्या स्तोत्रात ‘पूर्वोत्तरे प्रज्वलिकानिधाने’ असे शब्द आहेत, आणि ईशान्य दिशा सांगणारे ते शब्दही देवघरचे भक्त आपल्या बाजूने पुढे करतात. म्हणजे दोन्ही बाजूंची माणसे खोटे बोलत नव्हती. ती दोन वेगळे पाठ वाचून बोलत होती आणि दुसरा पाठ आहे हेच त्यांतील बहुतेकांना ठाऊक नव्हते. आम्हालाही ते तोपर्यंत ठाऊक नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. हे समजल्यावर उत्तर लिहिणे सोपे झाले. ते असे होते :

> या कीर्तनात परळीच्या वैजनाथांना ज्योतिर्लिंग म्हटले आहे आणि ती आमची परंपरा आहे. देवघरच्या वैद्यनाथांच्या भक्तांचाही येथे मान राखला जाईल.
>
> परली वैजनाथ को ज्योतिर्लिंग मानना हमारी परंपरा है। देवघर के बाबा वैद्यनाथ के भक्तों का भी यहाँ पूरा सम्मान है। गाली हटाई जाएगी, चाहे किसी भी पक्ष की हो।
>
> आपल्याकडे म्हटल्या जाणाऱ्या श्लोकपाठात ‘परल्यां वैद्यनाथं च’ असे आहे, तर शिवपुराणातील यादीत ‘वैद्यनाथं चिताभूमौ’ असा पाठ आहे. स्थानाबद्दलचा हा मतभेद या दोन पाठांमधून आला आहे आणि तो येथे मिटेल असा आमचा दावा नाही.
>
> स्थान, ग्रंथ, परंपरा आणि यात्रेचा अनुभव यांबद्दल याच कॉमेंटखाली लिहावे. व्यक्ती, जात, धर्म, प्रांत किंवा भाषेवरून शिवी असलेली कॉमेंट काढली जाईल. आपली कॉमेंट चुकून काढली गेली असे वाटल्यास येथे ‘विचारणा’ असे लिहावे; रोज रात्री कीर्तनानंतर पाहून उत्तर दिले जाईल. — सेवेकरी मंडळ

यातील काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पहिल्या वाक्यात आपली भूमिका स्पष्ट आहे, कारण परळीचे चॅनल चालवून तटस्थ असल्याचे सोंग घेतले तर ते कोणालाही पटत नाही. हिंदी मजकूर दुसऱ्याच परिच्छेदात आला आहे, कारण देवघरहून येणाऱ्या भक्ताला मराठी वाचता येत नाही आणि ज्याला उद्देशून उत्तर आहे त्यालाच ते कळले नाही तर पिन करून उपयोग काय? वाद बंद करा असे कुठेही म्हटलेले नाही, फक्त त्याची जागा ठरवून दिली आहे. त्यामुळे पन्नास धागे धुंडाळण्याऐवजी सेवेकऱ्यांना एकाच ठिकाणी लक्ष ठेवावे लागते. ‘विचारणा’ या शब्दाचा मात्र मला सर्वांत जास्त उपयोग झाला. एरवी ज्याची कॉमेंट निघते तो चार ठिकाणी बोभाटा करतो. त्याला दाद मागायला एक शब्द आणि उत्तराची एक वेळ मिळाली की बहुतेक वेळा तो तोच मार्ग धरतो. पण मग रोज रात्री खरोखर उत्तर दिले पाहिजे. दोन दिवस ते राहिले तर या ओळीचाच लोकांना राग येतो.

समोरच्या बाजूची एखादी चुकीची किंवा हास्यास्पद कॉमेंट पिन करून तिच्याखाली आपल्या लोकांना तुटून पडू देण्याचा मोह काही चॅनलना आवरत नाही. तसे कधीही करू नये. ती कॉमेंट लिहिणारा एखादा साधा माणूस असतो आणि त्याच्या नावाचा पाठलाग व्हिडिओबाहेरही होऊ शकतो.

उत्तर पिन केल्यानंतरचे दिवस

पहिल्या रात्री शिव्या कमी होतातच असे नाही; कधीकधी थोड्या वाढतातही, कारण आपला शब्द आपण पाळतो की नाही हे लोक तपासून पाहतात. येथे सातत्य ठेवावे लागते. उत्तर लागू पडले की नाही हे ओळखण्याची माझी खूण अशी आहे की सेवेकऱ्यांनी सांगण्याआधीच एखादा भक्त दुसऱ्याला ‘वर पिन केलेले वाचा’ असे लिहितो. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी एका देवघरच्या भक्ताने हिंदीत तसे लिहिले, आणि त्याखाली परळीच्या एका माऊलीने त्याला श्रावणात दर्शनाला येण्याचे निमंत्रण दिले.

रात्री लक्ष ठेवायला कोणी नसेल, किंवा सकाळी उठून आवाक्याबाहेरचा ढीग दिसेल अशी चिन्हे असतील, तर त्या व्हिडिओच्या कॉमेंट थोडा वेळ Pause करता येतात. त्यात आधीच्या कॉमेंट दिसत राहतात आणि नवीन लिहिता येत नाहीत. कॉमेंट पूर्ण बंद करण्यापेक्षा हे कितीतरी बरे आहे, कारण पूर्ण बंद केल्यावर आधीचे चांगले लेखनही दिसेनासे होते आणि लोक व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत जाऊन तिथे तेच भांडण कोणाच्याही देखरेखीशिवाय पुढे चालवतात. आम्ही एका वर्षी तसे केले होते आणि गावात आठ दिवस त्याचीच चर्चा होती. मी रात्री अकराला Pause करतो आणि पहाटे काकड्यानंतर पुन्हा सुरू करतो. मात्र ही वेळही पिन केलेल्या उत्तराखाली आधी कळवतो.

वादाला दुसराच फाटा फुटला, म्हणजे परळीच्या प्रश्नावरून गाडी शहरांच्या नावांवर, निवडणुकीवर किंवा दुसऱ्या धर्माच्या एखाद्या स्थळावर घसरली, तर तो नवा मुद्दा खोडत बसू नये. ‘हा विषय या कीर्तनाशी संबंधित नाही, म्हणून पुढील उत्तरे काढली जातील’ एवढे एकदाच लिहावे आणि तसे करावे. विषयाबाहेरच्या वादात चॅनलचे दुसरे वाक्य आले की तेच नवे कीर्तन होऊन बसते.

तपासणीच्या रांगेत पडलेल्या कॉमेंट तिथे कायमच्या राहत नाहीत. साधारण ६० दिवसांनंतर त्या निघून जातात. म्हणून आठवड्यातून एकदा, आम्ही गुरुवारी करतो, ती रांग शेवटपर्यंत वाचावी. त्यात अडकलेला निरपराध मजकूर मोकळा करावा आणि कोणत्या शब्दामुळे तो अडकला हे पाहून शब्दांची यादी सुधारावी. Hide user चा वापर फसवणूक करणाऱ्यांसाठी आणि दोन वेळा समजावूनही शिव्या देणाऱ्यांसाठीच राखून ठेवावा, कारण त्या माणसाला आपण लपवले गेल्याची सूचना मिळत नाही आणि तो एकटाच हवेत बोलत राहतो. एखाद्या भक्ताला नकळत या यादीत टाकणे मला अजूनही जड जाते. म्हणून दर सप्ताहाआधी मी ती यादी पुन्हा वाचतो आणि जमतील ती नावे मोकळी करतो.

सलग काही दिवस ‘विचारणा’ आली नाही आणि कॉमेंट पुन्हा चालींबद्दल, मृदंगाबद्दल, पुढच्या कीर्तनाच्या तारखेबद्दल येऊ लागल्या की पिन काढावा आणि त्या जागी कार्यक्रमाची माहिती लावावी. उत्तराखालचे धागे मात्र पुसू नयेत. उत्तराचा मजकूर वहीत उतरवून ठेवावा, कारण पुढच्या श्रावणात तोच प्रश्न येणार आहे.

तोच मजकूर नाव बदलून औंढ्याच्या व्हिडिओखाली लावण्याची चूक करू नका. ती आम्ही केली होती. परळीच्या वादात दोन बाजूंकडे दोन वेगळे पाठ आहेत. नागनाथांच्या बाबतीत दोन्ही यादींत ‘नागेशं दारुकावने’ हीच ओळ आहे आणि औंढ्याचे, द्वारकेजवळच्या नागेश्वरचे आणि उत्तराखंडातील जागेश्वरचे भक्त तीच ओळ आपापल्या बाजूने म्हणतात. तिथे भांडण दारुकावन कुठे आहे यावर आहे. त्यामुळे ‘मतभेद दोन पाठांमधून आला आहे’ हे आमचे वाक्य तिथे चुकीचे ठरले आणि एका भक्ताने ते बरोबर दाखवून दिले. आम्ही त्याचे आभार मानून पिन बदलला. आता औंढ्याच्या उत्तरात तिसरा परिच्छेद असा आहे : ‘ओळ सर्वांची एकच आहे, दारुकावनाचे स्थान प्रत्येक परंपरा वेगळे सांगते. औंढा हे आमच्या परंपरेतील स्थान आहे.’